मोबाइल वापर आणि झोप: पोस्टरच्या गोषवाऱ्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा मोबाइल वापर आणि झोप या विषयावर परिषदेसाठी पोस्टर करणारे बरेच जण गोषवाऱ्याच्या टप्प्यावर अडतात. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणांतले सगळे आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत. ते कोणत्याही प्रत्यक्ष अभ्यासातले नाहीत, तेव्हा उचलून वापरू नका.

गोषवाऱ्यात नेमकं काय असायला हवं? सुरुवातीला विषयाचं महत्त्व किती लिहायचं?

एक वाक्य, फार तर दोन. परीक्षकासमोर गोषवाऱ्यांचा गठ्ठा असतो आणि मोबाइल सगळीकडे आहे हे त्याला ठाऊक असतं. २५० शब्दांची मर्यादा असेल तर साधारण ३० शब्द पार्श्वभूमीला, ३० उद्दिष्टाला, ८० पद्धतीला, ८० निकालांना आणि उरलेले निष्कर्षाला, अशी वाटणी बहुधा जमते. संदर्भसूची गोषवाऱ्यात देत नाहीत.

निकाल आणि निष्कर्ष यांची सरमिसळ करू नका. निकाल म्हणजे जे आकडे हाती आले ते. निष्कर्ष म्हणजे त्या आकड्यांवरून तुम्ही काय म्हणता ते. पुष्कळ गोषवाऱ्यांत निकालांच्या जागी 'मोबाइलचा अतिवापर दिसून आला' असं वाक्य असतं आणि आकडा एकही नसतो. असा गोषवारा पहिल्याच चाळणीत बाद होतो.

विषय 'मोबाइल आणि झोप' एवढाच ठरलाय. उद्दिष्टाचं वाक्य कसं करू?

'मोबाइल वापराचा झोपेवरील परिणाम अभ्यासणे' हे वाक्य दोन ठिकाणी सैल आहे. कोणता वापर आणि झोपेचं काय, हे त्यातून कळत नाही. शिवाय 'परिणाम' हा शब्द एकदाच केलेल्या सर्वेक्षणाला झेपत नाही (कारण पुढे 'मोबाइलमुळे झोप बिघडते' या प्रश्नात आहे).

घट्ट वाक्य असं होईल: 'पदवीच्या विद्यार्थ्यांमध्ये रात्री अंथरुणावर पडल्यानंतर झोपेपर्यंतचा मोबाइल वापर (मिनिटांत) आणि गेल्या महिन्यातील झोपेची गुणवत्ता यांच्यातील संबंध तपासणे.' कोण, काय, कधी आणि कशाशी, हे सगळं यात आलं. दिवसभराचा वापर आणि अंथरुणावरचा वापर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही मोजणार असाल तर मुख्य कोणती आणि दुय्यम कोणती हे आधी ठरवा. जिचा निकाल चांगला आला तिला नंतर मुख्य ठरवणं ही लबाडी झाली, मग ती नकळत का होईना.

मोबाइलचा वापर कसा मोजला ते किती सविस्तर लिहायचं?

आकडा कुठून आला हे वाचणाऱ्याला समजेल इतकं. 'रोज किती तास फोन वापरता?' असं विचारलं तर उत्तर अंदाजपंचे येतं. सांगितलेला वापर आणि फोनने नोंदवलेला वापर यांचं नातं फार घट्ट नसतं, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून शक्य असेल तर फोनमधल्या नोंदी घ्या: आयफोनवर 'स्क्रीन टाइम', अँड्रॉइडवर 'डिजिटल वेलबीइंग'.

त्यातही खाचखळगे आहेत. चालू आठवडा अर्धवट असतो, त्यामुळे विद्यार्थ्यांकडून मागच्या पूर्ण आठवड्याची सरासरी मागवा. आयफोनवर इतर उपकरणांशी नोंदी जोडण्याची सोय चालू असेल तर टॅब्लेटचा वेळही त्यात मिसळतो. आणि दिवस मध्यरात्री बदलतो. रात्री साडेबारा ते दीड फोन पाहिला तर तो तास दुसऱ्या दिवसाच्या खात्यात जातो. दिवसभराच्या एकूण आकड्यावरून झोपण्याआधीचा वापर काढता येत नाही तो यामुळेच. अंथरुणावरच्या मिनिटांसाठी वेगळा प्रश्न विचारावाच लागतो, आणि ते उत्तर विद्यार्थ्याने आठवून दिलेलं आहे हे गोषवाऱ्यात लिहावं लागतं.

काही जण दहा प्रश्नांची स्मार्टफोन व्यसन मापनश्रेणी वापरतात (गुण १० ते ६०). ती वापराचं प्रमाण मोजत नाही. फोनची ओढ आणि त्यामुळे होणारा त्रास किती, हे ती मोजते. तीन तास कामासाठी फोन वापरणाऱ्याचे गुण कमी आणि तासभरच वापरणाऱ्याचे जास्त असू शकतात. ती वापरली असेल तर उद्दिष्टात 'वापर' न लिहिता 'समस्याजन्य वापर' लिहा.

झोपेसाठी पीएसक्यूआय प्रश्नावली घेतली. गोषवाऱ्यात काय सांगायचं आणि गुण मोजताना कुठे चुकतं?

पीएसक्यूआय, म्हणजे पिट्सबर्गची झोपेच्या गुणवत्तेची प्रश्नावली, १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. ती गेल्या एका महिन्याबद्दल विचारते. गुण देण्यासाठी १९ प्रश्न धरतात, त्यांतून सात घटक निघतात, प्रत्येकाला ० ते ३ आणि एकूण ० ते २१ गुण. गुण जितके जास्त तितकी झोप वाईट. पाचपेक्षा जास्त गुण म्हणजे झोपेची गुणवत्ता कमी. गोषवाऱ्यात प्रश्नावलीचं नाव, गुणांची व्याप्ती आणि '५ पेक्षा जास्त' ही सीमा दिली की पुरे. ही सीमा '५ किंवा जास्त' अशी लिहिली जाते तेव्हा बरोबर ५ गुणांचे सगळे विद्यार्थी चुकीच्या गटात जातात.

सर्वांत जास्त गोंधळ झोपेच्या कार्यक्षमतेच्या घटकात होतो. झोपलेले तास भागिले अंथरुणावरचे तास, गुणिले १००, असं ते गणित आहे. ८५ टक्के किंवा जास्त असेल तर ०, ७५ ते ८४ ला १, ६५ ते ७४ ला २ आणि त्याखाली ३.

समजा एक विद्यार्थी रात्री १२.३० ला आडवा होतो, सकाळी ७.३० ला उठतो आणि साडेपाच तास झोप लागते असं सांगतो. अंथरुणावर ७ तास, कार्यक्षमता ७८.६ टक्के, गुण १. आता ऑनलाइन फॉर्मने ते १२.३० दुपारचे धरले तर अंथरुणावर १९ तास होतात, कार्यक्षमता २८.९ टक्के आणि गुण ३. एकूण गुण दोनने वाढले. ज्याचे खरे गुण ४ होते तो ६ वर जाऊन 'वाईट झोप' गटात बसला. वसतिगृहात मध्यरात्रीनंतर झोपणारेच जास्त असतात, त्यामुळे अशी चूक एखाद-दुसऱ्यावर थांबत नाही.

ती पकडायला सोपी आहे. अंथरुणावरचे तास काढून चढत्या क्रमाने लावा. १२ पेक्षा जास्त किंवा ३ पेक्षा कमी दिसले, किंवा कार्यक्षमता १०० च्या वर गेली, तर मूळ उत्तरपत्रिका उघडून पाहा.

अंथरुणावर फोन पाहण्याचा वेळ पीएसक्यूआयमध्येच मोजला जातो ना? मग संबंध आपोआप येणार नाही का?

थोडा येतो, आणि हा प्रश्न पोस्टरसमोर उभा राहिलेला जाणकार हमखास विचारतो. एक विद्यार्थी ११ ला अंथरुणावर गेला, १२.३० पर्यंत फोन पाहिला, फोन ठेवताच झोपला आणि ७ ला उठला. झोप साडेसहा तास, अंथरुणावर ८ तास, म्हणजे कार्यक्षमता ८१ टक्के. झोपेत काही बिघाड नसतानाही एक गुण लागला. 'झोप लागायला किती वेळ लागतो?' याला त्याने ११ पासून मोजून ९० मिनिटं लिहिलं, तर त्या प्रश्नावरही सर्वांत वाईट गुण पडतात. फोनची मिनिटं अशी दोन्ही बाजूंनी मोजली गेली.

पीएसक्यूआयमधले प्रश्न स्वतःहून बदलू नका. बदलले तर ती प्रश्नावली पीएसक्यूआय राहत नाही आणि सीमाही लागू पडत नाही. त्याऐवजी शेवटी एक जादा प्रश्न जोडा: 'फोन बाजूला ठेवून झोपायचं म्हणून डोळे किती वाजता मिटता?' मग एकूण गुणांसोबत फक्त झोपेचे तास घेऊन तोच संबंध पुन्हा तपासा. तासांशीही तो टिकला तर तुमचं म्हणणं भक्कम. टिकला नाही तर तेही एका वाक्यात लिहा. डेटा आधीच गोळा झाला असेल आणि जादा प्रश्न नसेल, तरी झोपेच्या तासांचा तपास करता येतोच, कारण तो प्रश्न मूळ प्रश्नावलीत आहे.

गूगल फॉर्मची लिंक गटांवर पाठवली. 'यादृच्छिक नमुना' लिहू का?

नाही. यादृच्छिक म्हणजे यादीतल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची ठरलेली संधी होती. लिंक पुढे पुढे जात राहिली की कोणापर्यंत पोचली हे कळत नाही आणि प्रतिसादाचं प्रमाणही काढता येत नाही. 'सोयीचा नमुना' असं सरळ लिहा. यात आणखी एक अडचण आहे: लिंक रात्री उशिरा पाठवली असेल तर उत्तरं देणारे बहुतेक उशिरा जागणारेच असतात.

किती विद्यार्थी पुरेसे?

उद्दिष्ट संबंध तपासण्याचं असेल तर अपेक्षित सहसंबंधावर ते ठरतं. ०.२ इतका सौम्य सहसंबंध ५ टक्के पातळीवर ८० टक्के खात्रीने पकडायला १९४ जण लागतात. ०.३ अपेक्षित असेल तर ८५ पुरतात. या विषयात मोठे सहसंबंध गृहीत धरू नका. अर्धवट उत्तरं गळतील म्हणून दहा-पंधरा टक्के जास्त घ्या. ३८४ किंवा ४०० हा सगळीकडे दिसणारा आकडा टक्केवारीचा अंदाज काढण्याच्या सूत्रातून येतो. तो चालेल, पण मग उद्दिष्टही टक्केवारी काढण्याचंच असायला हवं.

एक पूर्ण नमुना दाखवाल का?

*पार्श्वभूमी व उद्दिष्ट:* विद्यार्थ्यांच्या मोबाइल वापराच्या अभ्यासांत बहुधा दिवसभराचा एकूण वापर मोजला जातो. अंथरुणावरील वापर वेगळा पाहिला जात नाही. पदवीच्या विद्यार्थ्यांमध्ये अंथरुणावरील मोबाइल वापर आणि झोपेची गुणवत्ता यांच्यातील संबंध तपासणे हे या अभ्यासाचे उद्दिष्ट होते.

*पद्धत:* एका महाविद्यालयातील सहा वर्गांमध्ये क्रॉस-सेक्शनल सर्वेक्षण केले. उपस्थित २४० विद्यार्थ्यांपैकी २१२ जणांनी संमती देऊन प्रश्नावली भरली. अपूर्ण उत्तरांमुळे १६ वगळून १९६ जणांचे विश्लेषण केले. अंथरुणावरील वापर (मिनिटे) विद्यार्थ्यांनी आठवून सांगितला. दैनिक एकूण वापर फोनमधील मागील पूर्ण आठवड्याच्या नोंदीतून घेतला. झोपेची गुणवत्ता पीएसक्यूआयने मोजली (० ते २१, ५ पेक्षा जास्त म्हणजे कमी गुणवत्ता). स्पिअरमन सहसंबंध काढला. ३० मिनिटांची गटसीमा आधीच ठरवली होती. संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता घेतली होती.

*निकाल:* ११८ विद्यार्थ्यांची (६०.२ टक्के, ९५ टक्के विश्वासमर्यादा ५३ ते ६७) झोपेची गुणवत्ता कमी होती. अंथरुणावरील वापर आणि पीएसक्यूआय गुण यांचा सहसंबंध ०.२४ होता (०.१० ते ०.३७, पी < ०.००१). एकूण दैनिक वापराशी सहसंबंध ०.०९ होता (−०.०५ ते ०.२३; पी = ०.२१). अंथरुणावर ३० मिनिटे किंवा अधिक फोन वापरणाऱ्या १२४ पैकी ८४ जणांची (६७.७ टक्के) आणि त्याहून कमी वापरणाऱ्या ७२ पैकी ३४ जणांची (४७.२ टक्के) झोपेची गुणवत्ता कमी होती, फरक २०.५ टक्केबिंदू (६ ते ३५).

*निष्कर्ष:* या नमुन्यात अंथरुणावरील मोबाइल वापराचा झोपेच्या कमी गुणवत्तेशी सौम्य संबंध दिसला. एकूण दैनिक वापराशी असा स्पष्ट संबंध आढळला नाही. अंथरुणावरील वापर स्वतः सांगितलेला असल्याने आणि मोजणी एकाच वेळी झाल्याने कारण-परिणामाबद्दल विधान करता येत नाही.

यातली बेरीज मुद्दाम तपासून पाहा: १२४ आणि ७२ मिळून १९६, ८४ आणि ३४ मिळून ११८. परीक्षक पहिल्यांदा हेच करतात. आणि जे जे निकालांत आलं त्याची मोजणी पद्धतीत सापडते. उलटही खरं आहे: पद्धतीत लिहिलेलं मोजमाप निकालांत गायब नाही.

एक निकाल सांख्यिकीयदृष्ट्या अर्थपूर्ण आला नाही. तो गाळला तर चालेल?

वरच्या नमुन्यातला ०.०९ गाळला असता तर गोषवारा फिका पडला असता. एकूण वापराशी स्पष्ट संबंध नाही आणि अंथरुणावरच्या वापराशी आहे, ही तुलनाच त्यात वाचण्यासारखी आहे. मात्र 'संबंध नाही' असं छातीठोकपणे लिहू नका. विश्वासमर्यादा ०.२३ पर्यंत जाते, म्हणजे सौम्य संबंध असण्याची शक्यता उरतेच. आणि एकात पी लहान, दुसऱ्यात मोठा, एवढ्यावरून दोन सहसंबंधांत फरक सिद्ध होत नाही. तसा दावा करायचा तर दोन्हींची थेट तुलना करणारी चाचणी हवी.

ऑड्स रेशो २.३५ आला. 'झोप बिघडण्याची शक्यता २.३५ पट' असं लिहू?

नको. वरच्याच आकड्यांवर बघा. ३० मिनिटांवरच्या गटात ८४ जणांची झोप कमी गुणवत्तेची आणि ४० जणांची बरी. दुसऱ्या गटात ३४ आणि ३८. (८४ × ३८) भागिले (४० × ३४) म्हणजे २.३५. पण शक्यतेची तुलना करायची तर ६७.७ टक्के भागिले ४७.२ टक्के, म्हणजे १.४३ पट. एखादी गोष्ट विरळ असते तेव्हा हे दोन आकडे जवळजवळ सारखे येतात. इथे निम्म्याहून जास्त विद्यार्थ्यांची झोप कमी गुणवत्तेची आहे, म्हणून ते इतके लांब गेले. ऑड्स रेशो द्यायचाच असेल तर त्याच नावाने द्या आणि शेजारी दोन्ही टक्केवाऱ्या ठेवा. खरं तर साध्या टक्केवाऱ्या असतील तर पोस्टरसमोरून जाणाऱ्याला बाकी काही लागत नाही.

'मोबाइलमुळे झोप बिघडते' हे तर सगळ्यांना माहीत आहे. मार्गदर्शक ते वाक्य का खोडतात?

तुमच्या सर्वेक्षणाने ते दाखवलेलं नसतं म्हणून. झोप येत नाही म्हणून फोन हातात घेणारेही असतात आणि प्रश्नावलीत ते फोनमुळे जागणाऱ्यांसारखेच दिसतात. शिवाय परीक्षेचा ताण, संध्याकाळचा चहा-कॉफी किंवा खोलीत उशिरापर्यंत चालू असलेला दिवा यांनी वापर आणि जागरण दोन्ही वाढू शकतात. 'संबंध दिसला', 'जास्त वापर असलेल्या गटात प्रमाण जास्त होतं' असं लिहा. 'परिणाम', 'मुळे', 'कारणीभूत', 'वाढवतो' हे शब्द शीर्षकातूनही काढा. बरेच जण निष्कर्ष सुधारतात आणि शीर्षक तसंच विसरतात.

'स्क्रीनच्या निळ्या प्रकाशाने मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक घटतं' हे वाक्यही इथे नको. तुम्ही प्रकाश मोजलेला नाही, मेलाटोनिनही नाही.

अर्ध्या मुलांनी परीक्षेच्या महिन्यात फॉर्म भरला, अर्ध्यांनी नंतर. काय करायचं?

पीएसक्यूआय मागच्या महिन्याबद्दल विचारते. त्यामुळे परीक्षा संपल्यावर आठवड्याने भरलेल्या फॉर्मातही परीक्षेचेच दिवस येतात. फॉर्म भरल्याची तारीख तुमच्याकडे असेल तर दोन गट करून दोन्हींत सहसंबंध वेगवेगळा काढून बघा. दिशा आणि आकार साधारण सारखा असेल तर एकत्र आकडा द्या आणि डेटा कोणत्या काळात घेतला ते पद्धतीत लिहा. खूप वेगळा असेल तर दोन्ही आकडे द्या.

मुदत आली, पण डेटा अजून येतोय. 'निकाल पोस्टरमध्ये दिले जातील' असं लिहू का?

बहुतेक परिषदा असा गोषवारा घेत नाहीत, नियमावली वाचा. जेवढा डेटा तपासून झालाय तेवढ्यावर लिहा आणि 'प्राथमिक निकाल, १२० विद्यार्थी' असं स्पष्ट म्हणा.

पुढे पोस्टरवर आकडे बदलले तर लपवू नका. गोषवाऱ्यात १२० आणि पोस्टरवर १९६ असेल तर पद्धतीच्या चौकटीत एक ओळ टाका: 'गोषवारा सादर केल्यानंतर आणखी ७६ विद्यार्थी समाविष्ट केले.' डेटा साफ करताना 'वाईट झोप' गटातला आकडा कमी झाला असेल, उदाहरणार्थ वर सांगितलेल्या १२.३० च्या चुकीमुळे, तर कोणती नोंद का दुरुस्त केली तेही लिहा.

शब्द जास्त होतात. आधी काय कापू?

पार्श्वभूमी. मग 'या अभ्यासात असे दिसून आले की' छापाची वाक्यं. मग वय, लिंग, शाखा यांची लांबलचक टक्केवारी, ती पोस्टरवरच्या तक्त्यात जाईल. सॉफ्टवेअरचं नाव आणि आवृत्तीही बिनधास्त काढा. नमुन्याची संख्या, वगळलेल्यांची संख्या, मोजमापांची नावं, विश्वासमर्यादा आणि 'आठवून सांगितला' हे दोन शब्द मात्र ठेवा. मार्गदर्शकांनी 'आठवून सांगितला' कापायला सांगितलं तर त्याऐवजी पार्श्वभूमीचं आणखी एक वाक्य देऊन टाका.